स्पीड टेस्ट ९५, तरी व्हिडिओ कॉल अडकतो: लातुरातल्या स्थानिक फायबरचा काही महिन्यांचा अनुभव

प्लॅन १०० एमबीपीएसचा. स्पीड टेस्टला कधीही ९५च्या आसपास मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुरुवातीचे काही महिने व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा थिजायचा आणि आवाज तुटायचा. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि हरवलेली पॅकेट्स पुन्हा मागवून घेते. कॉलला तेवढी सवड नसते. उशिरा आलेलं पॅकेट तिथे टाकूनच द्यावं लागतं.

दोष घरात की लाइनवर, हे आधी ठरवा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि विंडोजमध्ये दोन कमांड प्रॉम्प्ट उघडून एकाच वेळी हे चालवा:

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा, दुसरा बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरचा. तुमचा वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसेल. पाच मिनिटांत निकाल येतो. इथे राउटरपर्यंत सगळे पिंग १ मिलिसेकंदात, एकही हरवलेला नाही. बाहेर मात्र ३०० पैकी ७ गेले, किमान वेळ २८ आणि कमाल २१२. सरासरी फक्त ३४, म्हणून नुसती सरासरी पाहू नका. वेळेची ही उडी म्हणजेच जिटर. हरवलेले सातही सुटे नव्हते; `Request timed out` सलग तीन-चार ओळी यायचं, आणि कॉल नेमका तेव्हाच थिजायचा.

केबलवर राउटरचा पिंग स्वच्छ आणि वायफायवर तोच २ वरून ८० वर उड्या मारत असेल, तर ऑपरेटरला फोन करू नका, ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर या.

इथे दोष लाइनचा होता. ओएनयू म्हणजे फायबरची वायर घरात जिथे जोडतात तो डबा; त्याच्या पेजवर Rx Power, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहिली तर −२७.८ डीबीएम. साधारण −२५ च्या वर असेल तर निश्चिंत राहावं. −२७ च्या खाली बऱ्याच ओएनयूंची मर्यादा संपते. ओएनयूवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा प्रकाश जवळजवळ संपल्यावरच लागतो, त्यामुळे "लाल दिवा नाही ना, मग लाइन ओके" हे कस्टमर केअरचं उत्तर पुरेसं नाही. टीव्हीच्या कपाटामागे वायर करकचून वाकलेली होती आणि हिरवा कनेक्टर मळलेला. ऑपरेटरच्या मुलाने वायर सैल गोल करून नवा कनेक्टर बसवला, तेव्हा −२१.४ आलं. ३ डीबी म्हणजे प्रकाश दुप्पट, तेव्हा हा फरक चौपटीहून जास्त. त्यानंतर ३०० पैकी शून्य हरवले. (उघड्या फायबरच्या टोकात डोकावू नका, तो प्रकाश दिसत नाही.)

राहिलेली अडचण रात्री आठ ते अकराची. Rx Power उत्तम असूनही तेव्हा बाहेरचा पिंग ९०-१०० वर चढतो. ही ऑपरेटरच्या पुढच्या लाइनवरची गर्दी, घरात तिच्यावर इलाज नाही. दुपारचा आणि रात्रीचा असे दोन्ही निकाल वेळेसकट व्हॉट्सअॅपवर पाठवले की निदान राउटर रिस्टार्ट करायला तरी सांगत नाहीत.