युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये मॉड लावून काही महिने: सेव्ह शाबूत कशी राहते

युरो ट्रक सिम्युलेटर २ हा गेम २०१२ चा. इतकी वर्षं तो टिकला याचं निम्मं श्रेय प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचं, आणि उरलेलं निम्मं गेममध्ये भर घालणारे मॉड फुकटात बनवणाऱ्या लोकांचं. मी गेले काही महिने एकच प्रोफाइल चालवतोय. त्यात मूळ नकाशा वाढवणारा प्रोमॉड्सचा नकाशा, दोन-तीन ट्रक, आवाजाचे मॉड, हवामानाचा एक आणि लालपरीच्या रंगाची एक स्किन आहे. या काळात गेमच्या आवृत्त्या बदलल्या, मॉड आले आणि गेले, पण कंपनी, पैसे आणि ड्रायव्हर तेच आहेत. "मॉड लावला आणि सेव्ह उडाली" अशी रड नेहमी ऐकू येते, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. उडालेल्या म्हणतात त्या सेव्हमधली फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते. `game.sii` या सेव्ह फाइलमध्ये ट्रकचं चित्र नसतं, शहराचा नकाशाही नसतो. असतात ती फक्त नावं: अमुक ट्रक, त्याला अमुक इंजिन, अमुक शहरातलं गॅरेज, अमुक कंपनीची अमुक शहरातली शाखा. गेम सुरू होताना ही नावं मूळ गेममध्ये, डीएलसीत म्हणजे कंपनीच्या विकतच्या भरीत आणि मॉडमध्ये शोधली जातात. नाव सापडलं नाही की घोटाळा. म्हणून मॉड लावणं सहसा बिनधोक असतं आणि काढणं धोक्याचं. लोक मात्र काळजी लावताना घेतात, आणि काढताना बेफिकीर असतात.

याच हिशेबाने मॉडची वर्गवारी करता येते. आवाज, हवामान, आरसे, रस्त्यावरची इतर वाहनं हे मॉड सेव्हमध्ये जवळजवळ काही लिहीत नाहीत, ते केव्हाही काढा. स्किन आणि छोटे सुटे भाग मधल्या गटातले. ते काढण्याआधी ट्रकवरून उतरवले की प्रश्न मिटतो. खरी जोखीम विकत घेतलेला मॉड ट्रक, मॉड ट्रेलर आणि नकाशा यांची. या तिघांची नावं सेव्हमध्ये ठिकठिकाणी पसरलेली असतात.

आता बॅकअप. विंडोजवर सगळं `Documents\Euro Truck Simulator 2` या फोल्डरमध्ये असतं. मॉडच्या `.scs` फाइल `mod` मध्ये जातात आणि प्रोफाइल `profiles` मध्ये. तिथे गेलात तर तुमच्या प्रोफाइलचं नाव दिसणार नाही, आकडे आणि अक्षरांची एक माळ दिसेल. ते नावच असतं, फक्त हेक्समध्ये लिहिलेलं: Shivneri नावाच्या प्रोफाइलचं फोल्डर `536869766E657269` असं दिसतं. त्याच्या आत `save`, आणि त्यात प्रत्येक सेव्हचं वेगळं फोल्डर.

दोन ठिकाणी माणूस चकतो. पहिलं म्हणजे स्टीम क्लाउड. प्रोफाइलला क्लाउड चालू असेल तर खऱ्या सेव्ह Documents मध्ये नसतात. त्या स्टीमच्या `userdata` मध्ये, तुमच्या क्रमांकाच्या फोल्डरात, `227300\remote\profiles` खाली असतात. म्हणजे Documents ची इमानेइतबारे कॉपी करत राहिलात तरी हाती काही लागत नाही. मी प्रोफाइलच्या एडिट स्क्रीनवर क्लाउडची टिक काढून टाकली. मॉड लावलेल्या प्रोफाइलला क्लाउड नकोच, असं माझं स्पष्ट मत. बिघडलेली सेव्हही तो तितक्याच तत्परतेने वर चढवतो. दुसरं ठिकाण वनड्राइव्ह. पुष्कळ लॅपटॉपवर Documents गुपचूप त्याच्या ताब्यात असतं, तेव्हा पाथ वेगळा निघतो. आधी फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डर उघडून खरा पत्ता बघा, मगच ही कमांड वापरा:

```
robocopy "%USERPROFILE%\Documents\Euro Truck Simulator 2\profiles" "D:\ETS2_backup\modadhi" /E
```

गेम पूर्ण बंद करूनच हे करायचं. पुढच्या वेळी शेवटच्या फोल्डरचं नाव बदलायचं, नाहीतर जुन्या कॉपीवर नवी बसते. ऑटोसेव्हला बॅकअप समजू नका. मॉड बदलून गेम उघडला, एखादी विश्रांती घेतली किंवा माल पोचवला की ऑटोसेव्ह नव्या परिस्थितीवर लिहिली जाते आणि जुनी गेली. बदलाआधी हाताने नाव देऊन केलेली सेव्ह मात्र जागेवर राहते.

आता नकाशा काढण्याचं माझं उदाहरण. गेमची नवी आवृत्ती आली होती, मला नवा डीएलसी खेळायचा होता, आणि प्रोमॉड्सची त्या आवृत्तीला जुळणारी फाइल अजून यायची होती. एवढा मोठा नकाशा नव्या आवृत्तीला जुळवायला वेळ लागणारच. माझा ट्रक तेव्हा रेक्याविकला उभा. आइसलँड मूळ गेममध्ये नाही, प्रोमॉड्समध्ये आहे. म्हणजे नकाशा काढला असता तर ट्रकच्या पायाखालची जमीनच गेली असती.

म्हणून आधी हातातली डिलिव्हरी संपवली. अर्धवट जॉब घेऊन नकाशा बदलला तर तो बहुधा रद्द होतोच, शिवाय ट्रेलरची अडगळ. मग फेरी पकडून मुख्य भूमीवर आलो आणि मूळ गेममधल्या हॅम्बुर्गला ट्रक उभा केला. प्रोमॉड्सच्या शहरातल्या गॅरेजमध्ये माझे दोन ड्रायव्हर होते. त्यांना आणि त्यांच्या ट्रकना मूळ नकाशातल्या गॅरेजमध्ये हलवलं. मुख्यालय तिकडे असेल तर तेही आधी हलवायला हवं. एक मॉड ट्रक नव्या आवृत्तीत चालेल की नाही याची खात्री नव्हती, तो विकून टाकला. तोटा झाला, पण खेळातले युरो. मग हॅम्बुर्गमध्येच झोप काढली, नाव देऊन सेव्ह केली, गेम बंद केला आणि बॅकअप घेतला.

हे सगळं झाल्यावर गेम नव्या आवृत्तीवर नेला आणि प्रोफाइलच्या मॉड मॅनेजरमधून प्रोमॉड्सच्या सगळ्या फाइल काढल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. एखादी व्याख्यांची फाइल मागे राहिली तर गेमला नसलेल्या शहरांची नावं मिळत राहतात. सेव्ह उघडताना मॉड बदलल्याची सूचना आली, ती स्वीकारली. पैसे, अनुभव, ड्रायव्हर सगळं जागच्या जागी. पाहिलेल्या रस्त्यांची टक्केवारी तेवढी बदलली, ते अपेक्षितच. जुन्या सेव्हवर न लिहिता नव्या नावाने सेव्ह केली. जॉब मार्केट विचित्र दिसत असेल तर `config.cfg` मध्ये ही ओळ १ करून सेव्ह उघडायची, पुन्हा सेव्ह करायची आणि आठवणीने परत ० करायची:

```
uset g_force_economy_reset "1"
```

नकाशातली कामं आणि माल त्यामुळे नव्याने तयार होतात. गहाळ ट्रक मात्र त्याने परत येत नाही, ती अपेक्षा नको.

मॉडच्या क्रमाबद्दल. मॉड मॅनेजरमध्ये वर असलेला मॉड खालच्याला झाकतो. यात मेख अशी की दोन मॉडमध्ये एकाच पाथवर एकच फाइल असेल तर गेम त्यांची बेरीज करत नाही, वरची घेतो आणि खालची सोडून देतो. समजा कामाचे पैसे वेगवेगळ्या प्रकारे बदलणारे दोन मॉड आहेत, दोन्हीत `/def/economy_data.sii` आहे. मग एकाचाच परिणाम दिसेल. गेम कोसळणार नाही, तक्रारही करणार नाही, त्यामुळे कळायला वेळ लागतो. `.scs` फाइल पुष्कळदा साधी झिप असते, सेव्हनझिपने उघडून आत डोकावता येतं. असे दोन मॉड मी एकत्र ठेवतच नाही. मॉडमधल्या `manifest.sii` मध्ये तो कोणत्या आवृत्तीला चालतो हे लिहिलेलं असतं, पण तो लेखकाचा दावा. गेम तेवढंच वाचतो, तपासत नाही.

काही बिनसलं तर `game.log.txt` उघडा. ती फाइल दर वेळी नव्याने लिहिली जाते, म्हणून गेम पुन्हा सुरू करण्याआधीच वाचायची. `<ERROR>` असं शोधलं की शेकडो ओळी निघतील. घाबरू नका, चांगल्या मॉडमुळेही त्या येतात. बघायच्या त्या कोसळण्याच्या लगेच आधीच्या. त्यातला पाथ, उदाहरणार्थ `/def/vehicle/truck/` आणि पुढे ट्रकचं नाव, गुन्हेगार कोण ते बहुधा सांगून जातो. तसं नाही कळलं तर बॅकअपच्या सेव्हवर अर्धे मॉड बंद करून बघायचं, मग उरलेल्यातले अर्धे. एकेक काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. फक्त या चाचण्या करताना सेव्ह करायचं नाही, आणि नकाशाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

स्टीम वर्कशॉपचे मॉड सोयीचे खरे, पण ते आपोआप अपडेट होतात आणि लेखकाने काढून घेतले की नाहीसेही होतात. म्हणून जो ट्रक मी रोज चालवतो त्याची फाइल मी `mod` फोल्डरमध्येच ठेवतो. तिथे मी बदलेपर्यंत काही बदलत नाही. गेमची आवृत्ती थांबवायची असेल तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटा विभागात `temporary_1_` ने सुरू होणाऱ्या जुन्या आवृत्त्या असतात. नकाशा आवडता असेल तर तिथे थांबून राहणं हा सगळ्यात शांत मार्ग. मात्र नव्या आवृत्तीत केलेली सेव्ह जुन्या आवृत्तीत उघडेल अशी आशा ठेवू नका. मागे यायचं असेल तर आवृत्ती बदलण्याआधीचा बॅकअपच लागतो.

मॉडची यादी प्रोफाइलगणिक वेगळी असते, याचा फायदा मी उशिरा घ्यायला लागलो. आता नवा मॉड आधी एका रिकाम्या प्रोफाइलमध्ये लावतो, तासभर चालवतो, लॉग बघतो, मग मुख्य प्रोफाइलमध्ये आणतो. प्रोमॉड्सची जुळणारी फाइल आली तेव्हाही तसंच केलं. मग जुनी सेव्ह न उकरता, हॅम्बुर्गहून पुढे वाढलेल्याच सेव्हवर नकाशा परत बसवला. तिकडची कामं दुसऱ्या दिवसापासून मार्केटमध्ये दिसू लागली.