दातांच्या तारा: ‘शून्य टक्के’ हप्ते की एकरकमी? दोन घरांचा वर्षभराचा हिशोब

माझ्या मुलीला आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला नाशिकमधल्या एकाच दवाखान्यात, थोड्या आठवड्यांच्या अंतराने तारा बसल्या. डॉक्टर एकच, सिरॅमिक ब्रेसेसचा भाव एकच, पैसे भरायची पद्धत मात्र वेगळी. बहिणीने फायनान्स कंपनीचे बारा हप्ते घेतले, मी सूट घेऊन रोख भरले. तिचे हप्ते आता संपले आहेत आणि मुलांचे उपचार अजून चालू आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशोब पावत्या समोर ठेवून मांडता येतो.

दवाखान्याने सांगितलेली फी ६०,००० रुपये होती. डॉक्टर तपासून गेले की समन्वयक मॅडम एक छापील कागद पुढे करतात. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘महिना फक्त ५,०००, व्याज शून्य’ असं असतं आणि खाली बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी ९९९ अधिक जीएसटी. म्हणजे १,१७९ रुपये. कागद पाहून कुणालाही वाटेल की साठ हजारांवर बाराशेच रुपये जास्त जातात, मग काय हरकत आहे?

मी एकच प्रश्न विचारला: “मॅडम, पूर्ण रक्कम यूपीआयने दिली तर किती?” त्या आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या आणि म्हणाल्या, “आठ टक्के कमी करू.” म्हणजे ५५,२०० रुपये. या घडीला सगळं गणित बदललं, कारण वस्तूची खरी किंमत ५५,२०० होती, ६०,००० नव्हे.

ही सूट येते कुठून, ते समजून घ्यायला हवं. फायनान्स कंपनी फुकट पैसे देत नाही. तुमच्या नावावर साठ हजारांचं कर्ज लिहिते, पण दवाखान्याला त्यातून आपला हिस्सा कापून उरलेले देते. तो कापलेला हिस्सा म्हणजेच व्याज. ते तुमच्या कागदावर दिसत नाही, दवाखान्याच्या खात्यातून जातं. तुम्ही एकरकमी दिलेत तर दवाखान्याचा तो हिस्सा वाचतो, म्हणून तो तुम्हाला सूट देऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावलं होतं: शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, ते प्रोसेसिंग फीच्या रूपात किंवा अन्य मार्गाने ग्राहकाकडून घेतलं जातं.

आता बहिणीच्या हप्त्यांचा खरा दर काढू. तिने हाती मिळवलं ते ५५,२०० रुपयांचं काम. सुरुवातीलाच १,१७९ फी भरली, म्हणजे प्रत्यक्षात उसने मिळाले ५४,०२१. त्याबदल्यात तिने ५,००० चे बारा हप्ते दिले. गुगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये हे एका ओळीत निघतं:

```
=RATE(12,-5000,54021)*12
```

उत्तर येतं जवळजवळ २० टक्के. ‘शून्य’ लिहिलेल्या कर्जाचा हा वार्षिक दर, आणि रुपयांत ५,९७९ जास्त.

इथे बहिणीने मला तिचं की फॅक्ट स्टेटमेंट दाखवलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत हे पत्रक देणं बंधनकारक आहे, आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. तिच्या पत्रकात ३.७ टक्क्यांच्या आसपासचा आकडा होता. ती म्हणाली, “ताई, इथे तर पावणेचारही नाही, तू वीस कुठून आणलेस?” पत्रक खोटं नव्हतं. त्यात साठ हजारांचं कर्ज आणि फी एवढंच धरलेलं होतं. गमावलेली ४,८०० ची सूट हा रुग्ण आणि दवाखाना यांच्यातला व्यवहार, तो कर्जाच्या कागदावर येतच नाही. म्हणून पत्रक जरूर वाचा, पण रोखीचा भाव माहीत असल्याशिवाय त्यातला दर पुरेसा धरू नका.

क्रेडिट कार्डाचा पर्यायही मी तपासला होता. ५५,२०० कार्डावर भरायचे आणि बँकेकडून बारा हप्ते करून घ्यायचे. माझ्या कार्डावर दर १५ टक्के होता, हप्ता ४,९८२ चा. व्याज होतं ४,५८७ रुपये. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो हे अनेकांच्या लक्षात येत नाही, त्याचे ८२६. एक टक्का प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर मिळून ६५१. एकूण ६१,२६४. बहिणीने दिलेले एकूण ६१,१७९. उघडउघड १५ टक्के व्याज घेणारं कार्ड आणि ‘शून्य टक्के’ योजना यांच्यात अवघ्या ८५ रुपयांचा फरक! माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका आकडा आहे. दवाखाना कार्ड स्वाइपवर वेगळे दोन टक्के मागत असेल तर तेही यात मिळवा.

माझे पैसे मुदत ठेवीत होते, सात टक्क्यांनी. ठेव मोडली की पुढचं व्याज बुडतं, शिवाय मुदतीआधी काढल्याचा दंड असतो. पण हप्ते भरण्यासाठीही ठेवीतूनच दर महिन्याला पैसे निघाले असते, त्यामुळे पूर्ण वर्षाचं व्याज धरणं चूक ठरेल. ढोबळमानाने दोन हजार रुपये बुडाले असं धरलं, तरी एकरकमीत मी चारेक हजारांनी पुढे राहिले.

तरी सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊन टाकायला मी तयार नव्हते. तारांचा उपचार दीड-दोन वर्षं चालतो. तेवढ्यात बदली होऊ शकते, डॉक्टर दवाखाना हलवू शकतात, आणि दिलेला पैसा परत मागणं अवघड जातं. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही अलायनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, विकणारी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली. उपचार अर्धवट राहिलेल्या लोकांना कंपनीने सांगितलं की हप्ते मात्र भरत राहावे लागतील. सूट पाहिजे आणि पैसा कामाच्या मागोमाग जावा, या दोन्हींची सांगड घालायची होती. डॉक्टरांना मी विचारलं, “डॉक्टर, सूट तीच ठेवून दोन भागांत दिले तर चालेल का? वरच्या तारा बसतील त्या दिवशी ३०,०००, खालच्या बसतील तेव्हा उरलेले २५,२००.” त्यांनी मान्य केलं आणि पहिल्या पावतीवरच तसं लिहून दिलं. मुलीचे वरचे दोन दात काढावे लागले, त्यामुळे खालच्या तारा ठरल्यापेक्षा उशिरा बसल्या. माझा दुसरा भागही आपोआप तेवढाच पुढे गेला.

बहिणीकडे नेमकं उलट झालं. भाच्याला कावीळ झाली आणि दोन महिने तो खुर्चीत बसलाच नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या तीन तारखेला खात्यातून जात होता, कारण करार फायनान्स कंपनीशी आहे, दातांशी नाही. एका महिन्यात तिचा पगार सात तारखेला आला आणि तीनचा हप्ता परत गेला. कंपनीचा दंड आणि बँकेचा दंड, दोन्हीकडून मिळून अकराशेच्या आसपास कापले गेले. म्हणजे आणखी एक प्रोसेसिंग फीच. तारीख बदलून द्यायला कंपनी तयार झाली नाही, तेव्हापासून तिने त्या खात्यात एक हप्ता कायम पडून ठेवला. ऑटो-डेबिटच्या मंजुरीवर सही करताना पगाराच्या तारखेनंतरची तारीख मागून घ्या. नंतर ती बदलणं कठीण होतं. हप्ते संपल्यावर तिने कंपनीकडून ना-देय प्रमाणपत्र मागवलं आणि क्रेडिट अहवालात कर्ज बंद दिसतंय की नाही तेही पाहिलं.

तरी तिने हप्ते घेतले ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे त्या वेळी पन्नास हजार नव्हते आणि मुलाचे दात पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नव्हते. मात्र तिसरा एक पर्याय होता, जो छापील कागदावर नसतो: दवाखान्याचे स्वतःचे हप्ते. सुरुवातीला २०,००० आणि पुढच्या दहा भेटींत ४,००० प्रमाणे. एकूण ६०,०००, कसलीही फी नाही, कर्जही नाही. टक्केवारीत काढलं तर हा २८-२९ टक्क्यांवर जातो, कारण वीस हजार आधीच गेलेले असतात आणि उसन्या फक्त ३५,२०० वर ४,८०० पडतात. पण खिशातून जाणारे रुपये फायनान्सपेक्षा १,१७९ नी कमी. भेट चुकली की हप्ताही थांबतो आणि पगार उशिरा आला तर दंड नाही. ज्याच्याकडे वीस हजार आहेत पण पंचावन्न नाहीत, त्याने आधी हाच मागावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही घरांना सारखेच लागलेले वरचे खर्चही सांगते, कारण ते कुठल्याच योजनेत बसत नाहीत आणि रोखच द्यावे लागतात. जबड्याचे एक्स-रे वेगळे, दात काढण्याचे वेगळे. निखळलेला ब्रॅकेट पहिल्या दोन वेळा फुकट चिकटवतात, मग प्रत्येकी ३०० रुपये. चिक्की आणि कणीस यांनी आमच्याकडे ती सवलत केव्हाच संपवली. तारा काढल्यावर लागणारा रिटेनर फीमध्ये धरलेला नाही. त्याचे दोन्ही जबड्यांचे मिळून ५,००० सांगितले आहेत. उपचार दोन वर्षांच्या पुढे लांबला तर जास्तीची फी नाही, हेही मी पावतीवर लिहून घेतलं.

एका परिस्थितीत मात्र माझं उत्तर उलटं असेल. काही दवाखाने रोखीवर एक रुपयाही सोडत नाहीत. तिथे रोखीचा भावही ६०,००० आणि हप्त्याचाही ६०,०००. मग फायनान्सचा खर्च खरोखर १,१७९ एवढाच उरतो, पत्रकातला ३.७ टक्के हाच खरा दर ठरतो, आणि सात टक्क्यांची ठेव मोडण्यापेक्षा हप्ते घेणं स्वस्त पडतं. म्हणून हप्त्याचा विषय काढण्याआधी रोखीचा भाव विचारायचा. आधी हप्त्याचा फॉर्म भरला की सूट द्यायचं दवाखान्याला कारणच उरत नाही.