मिनिट्सवरून साहेबांची व्हॉइस नोट: काही महिने वापरल्यानंतर

आमचा कारखाना वडोदऱ्याला, मकरपुरा जीआयडीसीत. सोमवारच्या मीटिंगला दुसऱ्या पाळीची माणसं नसतात, आणि मेलवर गेलेले मिनिट्स कोणी उघडत नाही. म्हणून मी त्यावरून छोटी संहिता लिहायची आणि साहेबांनी ती बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, असं सुरू केलं. आता बरेच महिने झाले, तेव्हा मत सांगायला हरकत नाही.

संहिता दोनशे शब्दांच्या आत ठेवली की नोट दीड-दोन मिनिटांत आटपते. त्याहून लांबली की लोक दीडपट वेगाने ऐकतात आणि 'सात'चं 'साठ' होतं. म्हणून तारखेबरोबर वार सांगायचाच. ड्रॉइंग नंबर आणि मापं खाली टाइप करून द्यायची, ती बोलण्यात आणायचीच नाहीत. दर तर अजिबात नाही, कारण व्हॉइस नोट कुठे फॉरवर्ड होईल याचा नेम नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. मिनिट्समध्ये एकदा होतं, 'रविवारी पाळी चालू ठेवण्याबाबत चर्चा झाली.' तेव्हा संहिता नव्हती; साहेबांनी कागद समोर धरून घाईघाईत सांगितलं, 'रविवारच्या पाळीचंही बोलणं झालंय.' फिटर मंडळींनी रविवारी यायची तयारी केली, एकाने तर गावाला जायचं तिकीट रद्द केलं! कागदावर 'चर्चा झाली' म्हणजे काहीच ठरलं नाही, हे सगळ्यांना कळतं. पण तेच साहेबांच्या तोंडून आलं की हुकूम वाटतो.

तेव्हापासून मिनिट्सची प्रत घेऊन आधी प्रत्येक मुद्द्यापुढे 'ठरलं', 'बघायचंय' किंवा 'नुसतं बोलणं' असं पेन्सिलीने लिहितो. ठरलेलं आधी येतं, मग मीटिंगमध्ये ते कितव्या नंबरला का निघालं असेना. 'बघायचंय'मध्ये कोण बघणार आणि कधीपर्यंत, हे हवंच. 'नुसतं बोलणं' बहुतेक वेळा गाळतो. पण ज्याची कुजबूज आधीच शॉपवर पोचलीय, ते उघड सांगून टाकतो: 'रविवारच्या पाळीचं अजून ठरलेलं नाही, कोणी सुट्टी बदलू नका.'

वाक्यंही फिरवावी लागतात. मिनिट्समध्ये 'गळतीच्या तक्रारीच्या अनुषंगाने चाचणीदाब तपासण्याचे ठरले. कार्यवाही: गुणवत्ता विभाग, बुधवार' असं असेल, तर नोटमध्ये: 'क्वालिटीवाल्यांनो, व्हॉल्व्ह गळतात अशी तक्रार आलीय. पुढचा लॉट निघायच्या आत टेस्टचं प्रेशर परत तपासा. बुधवारपर्यंत मला सांगा.' ज्याचं काम त्याला आधी हाक मारली की तो कान देतो. हाक शेवटी आली तर तोवर त्याचं लक्ष चहाकडे गेलेलं असतं.

नोट नीट पोचली की नाही, हे मी निळ्या खुणांवरून ठरवत नाही. दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला फोन करून विचारतो, 'भाई, तुमच्याकडे काय काम आलं?' त्यांनी काम आणि वार बरोबर सांगितला की झालं. अडखळले, तर बहुधा एका नोटमध्ये कामं जास्त कोंबलेली असतात. हल्ली तीनच्या वर गेली की मी दोन नोट्स करतो. साहेब कुरकुरतात, पण बोलतात.