एका माणसाचे दोन कोड: हजेरीच्या एक्सेलनं मला चार महिने कसं फसवलं

मी चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिस सांभाळते. आमच्याकडं पॅकिंग आणि लोडिंगला कॉन्ट्रॅक्टरची माणसं आहेत, साठेक. त्यांच्या बिलाचा आधार एकच, गेटवरच्या बोटाच्या मशीनमधली हजेरी. हजेरीचं चक्र 26 तारखेपासून पुढच्या 25 तारखेपर्यंत. पगार 7 तारखेच्या आत गेला पाहिजे, त्यामुळं 26 ते 30 हे चार-पाच दिवस माझ्या टेबलावर कागदांचा ढीग असतो. फसवणूक नेमकी याच दिवसांत झाली, आणि माझ्याच सहीनं झाली.

माझी पद्धत अशी होती. सॉफ्टवेअरमधून महिन्याचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढायचा. कोड आणि वेळ दोन्ही सारखे असलेल्या ओळी `Remove Duplicates` नं उडवायच्या, कारण मशीनचा डेटा दोनदा डाउनलोड झाला की त्याच ओळी दुबार येतात. कुणी घाईत दोनदा बोट लावलं असेल तर मिनिटभराच्या आतला दुसरा पंच काढायचा. मग ज्यांचा इन आहे पण आउट नाही, किंवा उलट, त्यांची यादी कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला द्यायची. तो मिस पंचच्या स्लिपा भरून आणायचा, मी सही करायचे, एन्ट्री हातानं टाकली जायची. महिना बंद.

सगळं नीट चाललंय असं मला वाटायचं. डुप्लिकेट काढले, मिसिंग भरले, आता शीट स्वच्छ. पण मी डुप्लिकेट ओळी शोधत होते. डुप्लिकेट माणसं शोधावीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जानेवारी 2024 मध्ये पॅकिंगला नवीन शॉप इनचार्ज आले. 26 तारखेला सुपरवायझरनं नेहमीप्रमाणं स्लिपा आणल्या. त्यात कोड 3187 च्या तीन होत्या, तिन्ही एकाच बाजूच्या, म्हणजे इन किंवा आउट यातलं एकच राहिलेल्या. नवीन साहेबांची ओळख व्हावी म्हणून मी सहज फोन लावला, "सर, 3187 चा 9 तारखेचा आउट राहिलाय, तो पूर्ण पाळी थांबला होता ना?"

ते म्हणाले, "3187 कोण? नाव सांगा."

मी नाव सांगितलं.

"या नावाचा कुणी माझ्याकडं नाही. पॅकिंगला पहिल्या पाळीत मी रोज एकवीस डोकी मोजतो. तुमच्याकडं किती?"

माझ्याकडं बावीस होती.

सुपरवायझरला काही न बोलता मी मशीनमधून पेन ड्राइव्हवर कच्चा लॉग काढला. सॉफ्टवेअरचा रिपोर्ट म्हणजे शिजवलेलं अन्न असतं. त्यात शिफ्टचे नियम लागलेले असतात, हातानं टाकलेल्या एन्ट्र्या मिसळलेल्या असतात, आणि आमच्या सॉफ्टवेअरमधून तो एक्सेलमध्ये काढला की कुठली एन्ट्री हाताची ही खूण गळून पडते. एकच धागा उरतो, हाताच्या एन्ट्रीचे सेकंद बहुतेक वेळा 00 असतात. मशीनचा कच्चा लॉग मात्र बोट लागलं तेव्हाचा सेकंद लिहितो, आणि हाताची एन्ट्री त्यात नसतेच.

कच्चा लॉग मी आजवर कोडप्रमाणं लावून पाहायचे. त्या संध्याकाळी वेळेप्रमाणं लावला आणि 3187 शोधला. 10 तारखेच्या ओळी अशा होत्या:

```
3112  2024-01-10 06:52:08
3187  2024-01-10 06:52:15
3112  2024-01-10 15:34:41
3187  2024-01-10 15:34:49
```

यात तसं संशयास्पद काही नाही. पाळी सुटताना गेटवर रांग लागते, माणसं पाच-सात सेकंदांच्या अंतरानं बोट लावतात. एका दिवसाच्या ओळींवरून कुणावर बोट दाखवता येत नाही. पण 11 तारखेलाही 3112 च्या पाठीमागे 3187. 12 ला तेच. त्या महिन्यात 3112 चोवीस दिवस कामावर होता, म्हणजे त्याचे 48 पंच. त्यातल्या 45 पंचांच्या लगेच पुढं 3187 उभा होता. उरलेले तीन म्हणजेच माझ्या टेबलावरच्या तीन स्लिपा. आणि 3112 ज्या दिवशी सुट्टीवर होता, नेमक्या त्याच दिवशी 3187 ही सुट्टीवर.

काय झालं होतं ते आता सांगते. मशीन प्रत्येक बोटाचा नमुना कोडखाली साठवतं. तेच बोट दुसऱ्या कोडला नोंदवायला गेलं तर आमचं मशीन अडवतं. पण उजव्या हाताचं बोट एका कोडला आणि डाव्याचं दुसऱ्या कोडला दिलं, तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. दोन बोटं एकाच देहाची आहेत हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. नवीन पोरांची नोंदणी पहाटे साडेसहाला करावी लागते आणि मी नऊला येते, म्हणून मशीनचा अॅडमिन पासवर्ड सुपरवायझरकडं होता. तो मीच दिला होता. हे लिहिताना अजून लाज वाटते.

असे पाच कोड निघाले. बिल प्रत्येक पाळीमागे 720 रुपये दरानं जायचं. एका कोडचे सरासरी 23 दिवस धरले तर पाच कोडचे महिन्याला 82,800 रुपये, आणि चार महिन्यांचे 3,31,200. 3187 ला बँक खातं लागत नव्हतं, कारण पगार आम्ही देत नव्हतो. आम्ही बिल द्यायचो, त्यातून पगार वाटणं कॉन्ट्रॅक्टरचं काम. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात मूळ मालकाचा माणूस वेतनवाटपाला हजर राहील अशी तरतूद होती. रोख वाटपाच्या काळात त्यामुळं चेहरा तरी दिसायचा. खात्यावर पगार जायला लागल्यापासून तो रिवाज आमच्याकडं नुसता रजिस्टरवरच्या सहीपुरता राहिला होता.

बाकीचे चार कोड कसे शोधले ते सविस्तर सांगते, कारण हे कुणालाही अर्ध्या तासात करता येतं. एका मशीनचा कच्चा लॉग एका शीटमध्ये घ्या, दोन मशीन एकत्र करू नका. A मध्ये कोड, B मध्ये तारीख-वेळ, पहिली ओळ मथळ्याची. दोन्ही कॉलम खरोखर आकडे आहेत ना ते आधी बघा. वेळ सेलच्या डावीकडं चिकटलेली दिसली तर ती बहुधा मजकूर म्हणून आली आहे, आणि मग पुढचं गणित चुकतं. शीट B प्रमाणं चढत्या क्रमानं लावा. मग C3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF((B3-B2)*86400<=15, MIN(A2:A3)&"-"&MAX(A2:A3), "")
```

लागोपाठच्या दोन पंचांत 15 सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर त्या दोन कोडांची जोडी इथं तयार होते. `MIN` आणि `MAX` एवढ्यासाठी, की कधी डावं बोट आधी लागलं तरी जोडीचं नाव बदलू नये. मग C वर पिव्होट लावा आणि कुठली जोडी किती वेळा आली ते मोजा. रांगेत योगायोगानं जमलेल्या जोड्या आमच्याकडं महिन्यात पाच-सहा वेळांवर गेल्या नाहीत. वर मात्र 45, 44, 41 असे आकडे होते. मध्ये तिसराच कुणी घुसला तर ती वेळ या सूत्रातून निसटते, पण महिन्याभराच्या मोजणीत त्यानं फरक पडत नाही.

हे सूत्र डुप्लिकेट काढण्याआधी चालवायचं हे विसरू नका. आणि एकाच कोडची जोडी दिसली, म्हणजे 3112-3112, तर ते नुसतं दोनदा लागलेलं बोट.

इथं मी जवळजवळ एक पाप करणार होते. यादीत 31 वेळा आलेली आणखी एक जोडी होती. मी ती पाचांबरोबर लाल केली होती. ते दोघं सख्खे भाऊ निघाले. एका बाइकवर येतात, एकापाठोपाठ बोट लावतात. त्यांची सुटका सुट्ट्यांनी केली. धाकटा लग्नासाठी चार दिवस गावी गेला होता आणि थोरला त्या चारही दिवशी कामावर होता. म्हणून जोडी सापडली की लगेच दोघांच्या गैरहजेरीच्या तारखा शेजारी मांडा. एकाच देहाच्या दोन कोडांना वेगवेगळी सुट्टी घेता येत नाही. त्यानंतर गेटचा कॅमेरा बघा, आणि मगच तोंड उघडा.

मिस पंचची स्लिपही मी आता वेगळ्या नजरेनं बघते. खरा माणूस एखादा पंच विसरतो, एका बाजूचा. इन आणि आउट दोन्ही नसतील तर ती माझ्या लेखी गैरहजेरी, गेट रजिस्टरमध्ये नाव दाखवलं तरच हजेरी. स्लिपवर सही ज्याच्या हाताखाली माणूस काम करतो त्या शॉप इनचार्जची, सुपरवायझरची नाही, आणि तीही दोन दिवसांत. 26 तारखेला एकगठ्ठा आलेल्या स्लिपा परत जातात. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीचा आउट मध्यरात्रीनंतर पडतो म्हणून दोन्ही तारखा खोट्याच मिसिंग दिसतात. त्यांच्यासाठी दिवस `=INT(B2-0.5)` नं काढते, म्हणजे दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा धरला जातो. त्यानं निम्म्या स्लिपा आपोआप गळाल्या.

शिवाय बिलासोबत त्याच महिन्याचा पीएफचा ईसीआर मागते, म्हणजे कुणाकुणाचा पीएफ भरला त्याची नावनिशी यादी. डिसेंबरच्या बिलात 64 माणसं होती आणि ईसीआरमध्ये 59. तो कागद तेव्हाही फायलीत लागलेला होता. मी तो पंच करून लावला होता, वाचला नव्हता.

कॉन्ट्रॅक्टरनं हात वर केले, सगळं सुपरवायझरचं काम म्हणाला. सुपरवायझर फोन बंद करून गेला. कंपनीनं जानेवारीचं बिल रोखून धरलं आणि पैसे त्यातून वळते केले. पासवर्ड बदलला, तो आता माझ्याकडं आणि प्लांट एचआरकडंच आहे.

3112 ला आम्ही केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं, हाही वाटेकरी असणार. लातूरकडचा पोरगा, वीस-एकवीसचा. मी विचारलं, "दोन बोटं का लावतोस?"

तो म्हणाला, "मॅडम, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक बोट येण्याचं, एक बोट पीएफचं. दुसरं लावलं नाही तर पीएफ कापला जाणार नाही म्हणले."

त्याचा डावा कोड आम्ही त्याच दिवशी मशीनमधून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पावणेसातला गेटवर उभी होते. त्यानं उजवं बोट लावलं, मशीन थँक यू म्हणालं. मग सवयीनं त्यानं डावंही लावलं. मशीननं पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं, आणि तो मागची रांग थांबवून बोट पॅंटला पुसून पुन्हा लावत राहिला.