प्रश्नागणिक पाठ केलेले उत्तर की मोजक्या प्रसंगांचा साठा?
मुलाखतीत पूर्वानुभवावर विचारल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नाचे वेगळे उत्तर पाठ केलेला उमेदवार पहिल्याच उपप्रश्नाला अडखळतो, कारण त्याला वाक्ये आठवत असतात, तपशील नव्हे. त्यापेक्षा पाच-सहा खरे प्रसंग परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने टिपून ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

समजा, कोल्हापुरातील २०१९च्या महापुरात एका तरुणीने मदत केंद्रावर शिधावाटप सांभाळले. नेतृत्वाचा प्रश्न आल्यास तिने कामांची वाटणी सांगावी, मतभेदाचा आल्यास रांग लावावी की घरपोच द्यावे यावरून सहकाऱ्याशी झालेला वाद, आणि स्वतःच्या चुकीबद्दलचा प्रश्न आल्यास नोंदवही उशिरा सुरू केल्याने काही घरांना दोनदा गेलेला शिधा. मात्र एकाच मुलाखतीत सगळी उत्तरे याच प्रसंगावर बेतू नयेत, आणि सांगताना ‘आम्ही’च्या आड स्वतःची कृती दिसेनाशी होत असेल, तर तो प्रसंग साठ्यातून वगळावा.