'चार टी'चा तक्ता: आठ महिने वापरल्यानंतर

फायनलच्या व्हायवाची तयारी सुरू केली तेव्हा पीपीएचसाठी 'चार टी'चा तक्ता एका पानावर उतरवून एप्रनच्या खिशात टाकला होता. टोन म्हणजे गर्भाशय सैल, ट्रॉमा म्हणजे कुठेतरी फाटलंय, टिश्यू म्हणजे वार किंवा तिचा तुकडा आत राहिलाय, थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठत नाहीये. आठ महिन्यांत पान घडीवर फाटलं, चिकटपट्टी लावून चालवतोय.

कारणं विचारली तर तक्ता बिनचूक आहे. दहापैकी सात-आठ वेळा दोष टोनचा असतो, म्हणून तो पहिला. घोळ होतो तो हाच क्रम उपचारालाही लावला की. माझा तसाच झाला, तेही व्हायवात नव्हे, रात्रपाळीत.

दुसरी खेप, बाळ पावणेचार किलोचं, कळा वाढवायला ऑक्सिटोसिन बराच वेळ चालू. बाळ येताच 10 युनिट स्नायूत दिलं, वार अखंड पडली. तरी खाली लावलेल्या मापाच्या पिशवीत 500 मिली रक्त जमलं. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मळलेल्या कणकेसारखं मऊ. मदतीला हाक मारली, मसाज सुरू केला, कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं केलं (भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही, आणि व्हायवात हे निम्मे जण विसरतात). दोन जाड कॅन्युला, रक्तगट आणि क्रॉसमॅच, सलाईनमधून 20 युनिट ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून. हे औषध प्रसूतीनंतर तीन तासांच्या आतच द्यायचं. 2017 च्या वुमन ट्रायलनंतर हा प्रश्न हमखास येतो.

गर्भाशय दगडासारखं घट्ट झालं. रक्त मात्र थांबेना. लालभडक, बारीक पण अखंड धार. आणि मी काय केलं? तक्त्यात टोनपुढे लिहिलेली औषधं संपवायची म्हणून कार्बोप्रोस्ट 250 मायक्रोग्रॅम मागवलं. मॅडमनी माझा हात बाजूला करून स्वतः पोट चाचपलं. म्हणाल्या, "हे आवळलेलंच आहे. आता आणखी काय आवळणार? लाईट घे, सिम्स दे." स्पंज होल्डरने गर्भाशयमुखाची कड एकेक बोट पुढे सरकत तपासली, तर घड्याळाच्या तीनच्या जागी फाटलेलं. टाक्यांनी धार थांबली.

म्हणजे टोन आणि ट्रॉमा एकाच बाईत होते, आणि पहिलं सापडल्यावर मी दुसरं शोधायचं सोडलं होतं. त्या दिवसापासून तक्त्याच्या डोक्यावर लाल पेनने एकच प्रश्न आहे: गर्भाशय घट्ट की सैल? घट्ट असून रक्त वाहतंय तर औषधं वाढवायची नाहीत, आधी लाईट आणि स्पेक्युलम. व्हायवात उत्तर इथून सुरू केलं की एक्झामिनरचा पुढचा प्रश्न बहुतेक तुमच्या वाटेवरच येतो.

तक्त्यात आणखी एक उणीव आहे, पेशंटची अवस्था त्यात कुठेच नाही. ह्याच बाईचं बीपी 110/70 होतं आणि मी निवांत होतो. गर्भारपणात ते 150/100 असायचं हे केसपेपरवर होतं. नाडी 124. नाडी भागिले वरचं बीपी, म्हणजे 1.1, हा शॉक इंडेक्स 0.9 च्या पुढे गेला की आकडा कितीही नॉर्मल दिसो, ती बुडत चाललेली असते. त्याच वाढलेल्या बीपीमुळे तिला मेथर्जिन चालणार नव्हतं. कार्बोप्रोस्टचं तसंच, दमा असेल तर नाही.

गर्भाशय सैलच राहिलं तर पुढच्या पायऱ्या तक्त्यात नीट आहेत. दोन हातांत गर्भाशय दाबून धरणं, मग बलून, तोही फाटलेलं किंवा उरलेला तुकडा नाही याची खात्री करून. त्यानेही थांबलं नाही तर पोट उघडायचं. बी-लिंच कधी, या प्रश्नावर "औषधांनी थांबलं नाही की" हे अर्धंच उत्तर. उघड्या पोटात गर्भाशय दोन्ही हातांनी दाबल्यावर खालचं रक्त थांबलं, तर टाका उपयोगी पडेल, हे बोलून दाखवा. मग गर्भाशयाच्या धमन्या बांधणं, आणि शेवटी हिस्टरेक्टॉमी. शेवटी म्हणजे पेशंट कोसळल्यावर नव्हे. हा निर्णय लांबवण्यात जीव जातात.

थ्रॉम्बिन तक्त्यात चौथा, आणि तिथेही क्रम दगा देतो. वार आधीच सुटली असेल किंवा बाळ पोटात गेलेलं असेल तर गोठण्याचा बिघाड सुरुवातीपासूनच असू शकतो. त्या रकान्याशी मी पेन्सिलने लिहून ठेवलंय: पहिल्याच सुईचं थोडं रक्त साध्या काचेच्या नळीत, सात मिनिटांनी तिरपी करून बघ.