फ्रेंच ऑफिस-मेल: उद्गारचिन्ह, इमोजी की थोडासा विनोद?

फ्रेंच ग्राहकाशी काही महिने मेल चालू राहिले, की प्रत्येक मेलच्या शेवटी नुसतं 'कॉर्दियालमाँ', म्हणजे आपल्या 'आपला नम्र'सारखा ठरीव समारोप, लिहिणं रुक्ष वाटू लागतं. जरा मोकळेपणा आणावासा वाटतो. पण आणायचा कशाने? मी तिन्ही गोष्टी वापरतो, सारख्या प्रमाणात मात्र नाही. पुण्यात बसून ल्योंच्या लोकांशी पत्रव्यवहार करताना माझं जे मत झालं, ते सांगतो. तुमच्या कंपनीची रीत वेगळी असू शकते.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. खरेदी विभागातल्या बाईंकडून ऑर्डरचा नंबर हवा आहे. तो नसेल तर आपलं बिल अडकून राहतं. त्या तुम्हाला पहिल्या नावाने लिहितात, पण अजून 'वू'च म्हणतात, म्हणजे 'तुम्ही'; 'त्यू', म्हणजे 'तू', यावर अजून आलेल्या नाहीत.

इथे उद्गारचिन्ह कुठे पडतं यावर सगळं ठरतं. 'शुक्रवारपर्यंत नंबर पाठवावा !' असं लिहिलं तर ते दटावल्यासारखं वाटतं. फ्रेंचमधली 'मेर्सी द...'ने सुरू होणारी विनंती मुळातच सूचनेसारखी असते, उद्गारचिन्हाने तिला धार येते. म्हणून विनंती साध्या पूर्णविरामावर संपवा आणि चिन्ह शेवटच्या 'मेर्सी !' म्हणजे 'धन्यवाद', किंवा 'बॉन जुर्ने !' म्हणजे 'दिवस छान जावो', यांसाठी ठेवा. तिथे ते हसून निरोप घेतल्यासारखं वाटतं. एका मेलमध्ये एक पुरे. फ्रेंचमध्ये चिन्हाआधी जागा सोडायची असते, तीही न तुटणारी. आउटलुकमध्ये ती Ctrl+Shift+Space ने येते. साधी जागा सोडली तर चिन्ह कधी कधी एकटंच पुढच्या ओळीत जाऊन पडतं.

इमोजीचा फ्रेंच मेलमध्ये खरा उपयोग आहे, हे मान्यच करायला हवं. ही मंडळी उपरोधाने बरंच बोलतात. कागदावर तो उपरोध कळावा म्हणून डोळा मिचकावणारा चेहरा टाकतात. तो नसेल तर वाक्य शब्दशः घेतलं जाण्याची भीती असते. तरीही माझा कल इमोजीकडे नाही, आणि त्याला मुख्य कारण आहे एक कटकट.

आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये :) टाइप केलं की त्याचा आपोआप चेहरा होतो. आत मात्र ते विंगडिंग्ज फॉण्टमधलं J हे अक्षर असतं. समोरच्याचा मेल प्रोग्राम तो फॉण्ट दाखवत नसेल तर त्याला वाक्याच्या शेवटी नुसता J दिसतो. फ्रेंच माणसासाठी J म्हणजे ठरलेला दिवस, मुदतीला तीन दिवस उरले तर ते J-3 लिहितात. आमच्या एका सहकाऱ्याने 'सोमवारी पाठवलं तरी चालेल' लिहून पुढे हसरा चेहरा टाकला होता. तिकडून उत्तर आलं, 'J म्हणजे नेमका कुठला दिवस धरायचा?' मुदतीच्या मेलमध्ये असा गोंधळ मला परवडत नाही. शिवाय मेल पुढे पाठवला जातो. बाईंना चाललेला चेहरा त्यांच्या साहेबांच्या आणि लेखापालाच्या डोळ्यांसमोर जातो, आणि त्यांच्याशी तर आपली तोंडओळखही नसते. उद्गारचिन्ह असं पुढे गेलं तरी कुणाला खटकत नाही.

विनोद सगळ्यात जवळ आणतो, पण त्याला वेळ लागतो. मी तो परिस्थितीवर करतो, माणसावर कधीच नाही. मे महिन्यात 1 आणि 8 तारखेच्या सुट्ट्या असतात, असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार बऱ्याचदा त्याच महिन्यात येतो, आणि मधला शुक्रवार जोडून 'पूल' बांधला जातो. 'पुलाच्या अलीकडे नंबर मिळाला तर बरं, पलीकडे आम्हाला कुणी भेटणार नाही' हे वाक्य 'त्यू' म्हणणाऱ्या माणसाला खुशाल लिहावं. 'वू'वर असलेल्या बाईंना मी ते लिहिणार नाही, कारण त्यात त्यांच्या उशिरावर बोट ठेवल्याचा वास येऊ शकतो. सीसीमध्ये कुणी वरिष्ठ असेल तर मी विनोद गाळतोच.

नातं कुठवर आलंय हे मी त्यांच्या मेलच्या शेवटच्या ओळीवरून ओळखतो. 'कॉर्दियालमाँ'चं जरा जास्त आपुलकीचं 'बियाँ कॉर्दियालमाँ' होतं, मग 'बॉन जुर्ने', आणि एके दिवशी त्याला उद्गारचिन्ह लागतं. ते लागलं की पुढच्या मेलपासून मीही लावतो, त्याआधी नाही. 'त्यू' म्हणू या, हे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने सुचवावं, आपण वाट पाहावी. उलटंही घडतं. 'बॉन जुर्ने !' लिहिणारी व्यक्ती अचानक कोरड्या 'कॉर्दियालमाँ'वर आली, तर बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं. अशा वेळी चिन्ह काढून टाकावं आणि शक्य असेल तर फोन करावा.

नंबर आलाच नाही आणि आठवण करायची वेळ आली, तर मी तिघांनाही बाजूला ठेवतो. 'माझी चूक होत नसेल तर नंबर अजून मिळालेला नाही' ही तिथली रुळलेली ओळ लिहितो आणि खाली साधं 'बियाँ कॉर्दियालमाँ'. नंबर हाती आला की त्याच दिवशी 'मेर्सी !' पाठवतो, जागा सोडून.